नवरात्रातला फोटो, चौथी सीट आणि आपलं रूप

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची. डोंबिवलीहून रोज कुर्ल्याला येते. लेडीज डब्यात आमचा सहा जणींचा ग्रुप आहे. त्यातली एक माझ्याच वयाची, तिचा मुलगाही माझ्या मुलाएवढाच. ती वर्षभरात १४ किलो उतरली. नवरात्रात आम्ही त्या त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसून फोटो काढतो. या वेळचा फोटो पाहिल्यापासून मला मलाच बघवत नाही. सिनेमातल्या हिरॉइन बघून असं कधी होत नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण डब्यात माझ्याहून जाड बाई चढली की जरा बरं वाटतं. हे असं का होतं? ग्रुप सोडून दुसरा डबा पकडू का?

उत्तर:

डबा बदलू नका. नव्या डब्यात पंधरा दिवसांत दुसरं कुणीतरी सापडेल, आणि बसायची ठरलेली जागा जाईल ती वेगळीच. मी दादरला १९ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. दर वर्षी दसरा झाला की दोनतीन जणी तरी फोनमधला असाच एखादा फोटो उघडून माझ्यासमोर धरतात. त्यामुळे आधी त्या फोटोबद्दलच बोलू.

सहा जणी, एकाच रंगाच्या साड्या, एकच उजेड, एकच चौकट. कपडे वेगळे असते तर नजर कपड्यांवर गेली असती. तुमच्या फोटोत बाकी सगळं सारखं झालंय, त्यामुळे जे वेगळं उरलं तेवढंच डोळ्यांत भरतं, आणि ते म्हणजे शरीर. त्यात शेजारी उभी असलेली तुमच्याच वयाची, एका मुलाची आई, तीच गाडी पकडणारी. तुलना करायला इतकी सोयीची जोडी मुद्दाम शोधूनही मिळाली नसती.

सामाजिक तुलनेचा सिद्धांत लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडला. त्याचं म्हणणं तसं साधं होतं. आपण कुठे आहोत हे जाणून घ्यायची माणसाला ओढ असते. मोजायला सरळ माप असेल तर आपण ते वापरतो, नसेल तर दुसऱ्या माणसांकडे बघून अंदाज बांधतो. फेस्टिंगर बोलत होता ते मतांबद्दल आणि क्षमतांबद्दल. रूपाचा विषय पुढच्या संशोधकांनी त्यात आणला, पण तो तिथे चपखल बसला. वजनकाटा तुम्हाला ७१ किलो सांगेल, टेलरची टेप कंबर सांगेल, पण ‘मी कशी दिसते’ याचा काटा कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून ते काम शेजारच्या बाईवर येतं. तिने ते मागितलेलं नसतं, तुम्हीही ठरवून दिलेलं नसतं.

आता शेजारची कोण? फेस्टिंगर म्हणाला, आपण आपल्यासारख्याच माणसाशी तुलना करतो. रोज शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारणारा माणूस ऑलिम्पिकच्या धावपटूशी स्वतःला ताडून बघत नाही, पुढे चालणाऱ्या समवयस्काशी बघतो. पुढे १९७७ साली गोएथल्स आणि डार्ली या दोघांनी त्यात एक नेमकी भर घातली. सारखेपणा कशातला, तर ज्या गोष्टींचा त्या निकालाशी संबंध आहे त्यांतला. वजनाच्या बाबतीत त्या गोष्टी म्हणजे वय, बाळंतपण, नोकरीचे तास, प्रवास. तुमच्या मैत्रिणीच्या आणि तुमच्या या सगळ्या रकान्यांत जवळपास एकच उत्तर येतं. म्हणून मन झटकन पुढचं वाक्य जोडतं, ‘तिला जमलं, मग मला का नाही?’ हिरॉइनच्या बाबतीत हे वाक्य तयारच होत नाही. तिच्याकडे ट्रेनर आहे, स्वयंपाकी आहे, मेकअपवाला आहे, आणि तिला सकाळी मुलाचा डबा भरून गाडी पकडायची नाही, हे तुमच्या मनाला न सांगता कळतं.

यावर एक जुना प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. १९८३ साली टॉमस कॅश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या मुलींना सुंदर बायकांचे फोटो दाखवले आणि मग स्वतःच्या रूपाला गुण द्यायला सांगितलं. काही जणींना ते फोटो साध्या मुलींचे म्हणून दाखवले, तर काही जणींना फोटोवर ब्रँडचं नाव असलेले, म्हणजे जाहिरातीतल्या मॉडेलचे म्हणून. ज्यांना समोरची आपल्यासारखीच कुणीतरी वाटली त्यांनी स्वतःला कमी गुण दिले. मॉडेल म्हणून बघणाऱ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. चेहरा तितकाच सुंदर, फक्त ‘ही आपल्यातली नाही’ एवढं कळलं आणि धार बोथट झाली. तुम्हाला हिरॉइन बघून काही होत नाही, त्यामागे हेच आहे.

पण ही ढाल १९८३ ची. तेव्हा मॉडेल मासिकात राहायची आणि शेजारीण शेजारी. आता तुमच्या फोनवर ठाण्याची एक दोन मुलांची आई स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून ‘बघा, मी कशी बारीक झाले’ म्हणत रील टाकते. ती बोलते तुमच्यासारखी, तिच्यामागचा कुकरही तुमच्याच घरातल्यासारखा, पण उजेड, कोन, फिल्टर आणि दहा वेळा केलेलं शूटिंग मॉडेलचं. म्हणजे दिसायला मैत्रीण आणि तयारी जाहिरातीची. ऑस्ट्रेलियात कॉलेजातल्या मुलींना पाच दिवस, दिवसातून पाच वेळा फोनवर विचारण्यात आलं, की इतक्यात रूपावरून कुणाशी तुलना केलीत का, कुठे केलीत आणि आता कसं वाटतंय. २०१७ साली ते निष्कर्ष छापून आले. बहुतेक तुलना स्वतःहून सुंदर वाटणाऱ्यांशी होत्या, आणि सोशल मीडियावर झालेल्या अशा तुलनेनंतर मूड प्रत्यक्ष भेटीतल्या तुलनेपेक्षा जास्त उतरलेला होता. डब्यातली मैत्रीण निदान कधी जांभई देताना, कधी पावसात भिजून केस विस्कटलेल्या अवस्थेत दिसते. रीलमधली दिसत नाही.

आता इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग वर बघणंच, म्हणजे आपल्याहून सरस वाटणाऱ्या बाईशी तुलना करणंच वाईट. तसं नाही, आणि सगळ्यात कामाची गोष्ट इथेच आहे. वर बघितल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे तिच्या उजेडात आपण आणखी काळवंडतो. दुसरी म्हणजे तिच्यासोबत आपणही थोडे वर ओढले जातो, धाकट्या बहिणीचं लग्नात कौतुक झालं की आपली मान ताठ होते तसं. १९९२ साली ब्राउन आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. अनोळखी सुंदर मुलीचा फोटो पाहून मुलींनी स्वतःला कमी गुण दिले, पण तिचा आणि आपला वाढदिवस एकच आहे असं कळलं की उलटं झालं, गुण वाढले. वाढदिवस! किती क्षुल्लक धागा, पण तेवढ्याने ‘ती आणि मी’चं ‘आम्ही’ झालं.

तुम्ही म्हणाल, कॅशच्या प्रयोगात ‘आपल्यातली’ असली की त्रास, आणि इथे ‘आपल्यातली’ असली की फायदा, हे कसं? बरोबर आहे, हे दोन निष्कर्ष एकमेकांना टक्कर देतात, आणि बरीच वर्षं संशोधकही त्यावर भांडले. मला पटणारं उत्तर थॉमस मुसवायलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं आहे. तुलना सुरू होताना मन घाईत एक प्रश्न निवडतं. ‘आम्ही कशात सारख्या?’ हा प्रश्न निवडला तर सारखेपणाचेच पुरावे जमा होतात, ‘आम्ही कुठे वेगळ्या?’ हा निवडला तर फरकाचे. पुरावे ज्या बाजूचे, निकाल त्या बाजूला. एकाच रंगाची साडी आणि एकच रांग असली की नजर आपसूक फरक शोधते. वर्तमानपत्रात दोन चित्रांमधले फरक ओळखा म्हणून कोडं येतं ना, अगदी तसं. बहुतेकांच्या बाबतीत फरकाचाच प्रश्न आधी येतो, हेही खरं. या विषयावरच्या साठेक वर्षांच्या प्रयोगांची एकत्र छाननी २०१८ साली झाली, तिच्यातही हेच निघालं की माणसं बहुतेक वेळा वरच बघतात आणि बघून स्वतःला कमी लेखतात. तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

आता त्या जाड बाईकडे येऊ, जिच्याबद्दल तुम्हाला लाज वाटते.

खाली बघून बरं वाटणं याला टॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली सविस्तर मांडणी दिली. त्याचं निरीक्षण असं, की माणूस सुखात असताना खाली बघत नाही, मार बसल्यावर बघतो. म्हणजे डब्यात ती बाई चढते तेव्हा तुम्हाला बरं वाटतं, ते तुम्ही दुष्ट आहात म्हणून नाही, आधी कुठेतरी लागलेलं आहे म्हणून. तीन जणांच्या बाकावर चौथी बसते तेव्हा काय होतं ते आठवा. ‘जरा सरकून घ्या’ असं कुणी म्हणतं, सगळ्या जणी थोड्या हलतात, आणि ज्या बाईचं शरीर मोठं तिला वाटतं हे वाक्य माझ्यासाठीच होतं. त्या चौथ्या सीटवर रोज आपली मापं घेतली जातात. मग दारातून आपल्याहून मोठी बाई आत आली की मनात सुटकेचा निःश्वास निघतो, ‘चला, आता सगळ्या हिच्याकडे बघतील.’ तो निःश्वास मला कळतो. माझी तक्रार त्याच्या नीतीबद्दल नाही, त्याच्या किमतीबद्दल आहे.

हे मी माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वहीवरून सांगते. त्याला समीर म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललंय. वय २९, विरारहून चर्चगेटला नोकरी, आणि चोविसाव्या वर्षापासून कपाळ मागे सरकत चाललेलं. तो गाडीत माणसांचे केस मोजायचा. मी त्याला एक छोटी वही ठेवायला सांगितली. रोज एकाच फेरीत, कुणाकडे नजर गेली, तो आपल्याहून बरा की वाईट, आणि त्यानंतर स्वतःच्या रूपाला दहापैकी किती गुण. एवढंच.

पहिल्याच सोमवारी २३ नोंदी झाल्या. घरून निघताना त्याने स्वतःला ५ गुण दिले होते. नालासोपाऱ्याला समोर दाट केसांचा मुलगा उभा राहिला, ३. मीरा रोडला एक टक्कल पडलेला समवयस्क चढला, पुन्हा ५. बोरिवलीला गर्दी आत घुसली, त्यात तीन जणांची हेअरस्टाइल त्याला आवडली, परत ३. अंधेरीला दाराशी एक अर्धवट टकलाचा दिसला, ४. चर्चगेटला उतरताना ३. वर बघितल्याच्या १४ नोंदी, खाली बघितल्याच्या ९. खाली बघून गुण वाढले हे खरं, पण एकदाही ते दोन स्टेशनांपलीकडे टिकले नाहीत. दुसरी गोष्ट त्याच्या आधी लक्षात आली नव्हती. खाली बघितल्यानंतर लगेच पुढची नोंद यायची, कारण डोकी शोधण्याची मोहीम थांबतच नव्हती. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हटली तरी एकदा ताक पिऊन थांबता यायला हवं, हा घोटाघोटाने तहान वाढवत होता.

खालच्या तुलनेची खरी किंमत ही. समोरची बाई जाड आहे म्हणून तुम्हाला बरं वाटलं, तेव्हा मनाने काय मान्य केलं? की मोजायचं ते वजनच. टेप तुमच्या बाजूने निकाल देऊन गेली, पण गळ्यात लटकलेलीच राहिली. दोन स्टेशनांनी कुणी बारीक चढते आणि तीच टेप तुमच्यावर उलटते. रूपावर बेतलेली तुलना कुठल्याही दिशेला केली तरी रूप हा विषय डोक्यातून जात नाही, आणि ज्या बायका खाली बघण्यावर फार विसंबतात त्यांच्यात खाण्याची आणि वजनाची काळजी कमी असते असं मला कधी दिसलेलं नाही.

समीरच्या वहीत आणखी एक बारकावा होता. समवयस्क टकला दिसला की त्याला बरं वाटे, पण पन्नाशीचा टकला दिसला की गुण उलट घसरत. कारण तो त्याला ‘पुढचा मी’ वाटे. १९९० साली बंक आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या रुग्णांकडे बघून नेमकं हेच लिहिलं होतं, की वर काय किंवा खाली काय, दिशेला स्वतःची अशी भावना नसते. खालचा माणूस ‘मी याच्याहून बरा’ असंही सांगू शकतो आणि ‘तूही इथेच येणार’ असंही. तुमच्या बाबतीतही हे तपासा. जाड बाई बघून सुटका वाटते की आतून भीती वाटते, ‘मी अशीच होत चाललेय का?’ दोन्ही एकदम वाटत असेल, तर तुम्हाला लाज वाटते तिचा बराच भाग ती भीती आहे.

आणि एक नोंद अशी, जिच्यावर आमचं पुढचं काम उभं राहिलं. समीरच्या ऑफिसात एक वरिष्ठ होता, पूर्ण टक्कल, पण मीटिंगमध्ये बोलायला लागला की सगळे ऐकत. त्याला बघून समीरचे गुण कधीच उतरले नाहीत. मी विचारलं, का रे? तो म्हणाला, ‘मॅडम, तो माझ्यासारखाच आहे ना. आणि बघा कसा वावरतो.’ वर बघणंच होतं ते, फक्त आधी सारखेपणा दिसला आणि मग वर.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुम्हालाही त्यातलं बरंच करता येईल. ‘तुलना करू नकोस’ असं मी त्याला एकदाही सांगितलं नाही. डोक्यात येणारा विचार अडवायला गेलं की तो आणखी येतो. पहिले दोन आठवडे फक्त विरार ते बोरिवली एवढ्याच टप्प्यात त्याने डोकी शोधणं थांबवायचं होतं. नजर गेली तर गेली, पण मुद्दाम दुसरा शोधायचा नाही, आणि लक्ष तीन आवाजांकडे न्यायचं, दरवाजाचा, अनाउन्समेंटचा, शेजारच्या भजनी मंडळाच्या टाळांचा. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात कपाळ बघणं त्याने मोजलं तर दिवसाला तीसेक वेळा निघालं. ते आम्ही दर आठवड्याला निम्म्यावर आणत तीनवर आणलं. शोधणं आणि तपासणं या दोन गोष्टी कमी झाल्या की तुलना आपोआप कमी होते. केसांसाठी तो त्वचारोगतज्ज्ञाकडेही गेला, ते वेगळं. अडीच महिन्यांनी एका फेरीतल्या नोंदी पाचसहावर आल्या. गुण मात्र ५ च राहिले, आठनऊ झाले नाहीत. फरक असा, की ते आता ५ वरून हलत नव्हते. रूपाबद्दलचं मत उंचावणं अवघड असतं. त्याचं दिवसभर वरखाली होणं थांबवणं त्या मानाने जमतं, आणि थकवा येतो तो त्या हेलकाव्यांचाच.

तुमच्यासाठी, पाच दिवस एक वही ठेवा, फक्त सकाळच्या गाडीत. कुणाशी, कशाबद्दल, वर की खाली, आणि आधी-नंतरचे गुण. चेहरा, पोट, दंड, रंग, जे असेल ते लिहा. बऱ्याचदा असं निघतं की ‘वजन’ म्हणून आणलेली तक्रार खरं तर रंगाबद्दलची असते. लहानपणी पाहुण्यांसमोर ‘मोठी गोरी आणि ही जरा सावळी’ म्हणून ओळख करून दिलेली मुलगी चाळिशीतही त्याच वाक्यापाशी अडकलेली असते, आणि वजन उतरलं तरी तिचे गुण हलत नाहीत. दुसरं, गाडीतला आणि रीलमधला परिणाम वेगळा लिहा. घसरण फोनवरच जास्त दिसली तर प्रश्न मैत्रिणीचा नाही, आणि ‘बारीक व्हा’वाली चारपाच अकाउंट बंद केल्याने जास्त फरक पडेल.

‘फोटोला फिल्टर आहे’ असं स्वतःला बजावण्यावर फार भिस्त ठेवू नका. जाहिरातींवर ‘या चित्रात बदल केलेला आहे’ अशी चिठ्ठी लावून बघितलेले प्रयोग आहेत, आणि त्या चिठ्ठीने बायकांना बरं वाटलं असं त्यांत सापडलं नाही. उलट चिठ्ठीत कुठे बदल केलाय ते लिहिलेलं असेल, तर नजर नेमकी तिथेच जाते.

मैत्रिणीच्या बाबतीत मन आणखी एक खेळ करतं, तो सांभाळा. ‘तिची सासू मुलाला बघते, म्हणून तिला जमतं.’ हे खरं असेल तर उपयोगी वाक्य आहे, कारण तुमच्या दोघींच्या रकान्यांत फरक आहे हे त्याने कळतं आणि ‘मला का नाही’चा जोर ओसरतो. पण तेच वाक्य दुसऱ्या दिवशी ‘तिला काय, सगळं आयतं’ असं होतं, आणि मग डब्यातली कुरबुर सुरू होते. ओळखायची खूण सोपी आहे. पहिलं वाक्य तिच्यासमोर म्हणता येतं, दुसरं येत नाही.

त्यापेक्षा तिला विचारा, नेमकं काय केलं, केव्हा सुरू केलं, कोणत्या महिन्यात अडकली. एक तर बंद दाराआडची जादू उघडी पडते, किती वाजता उठली, काय सोडलं, कशात फसली ते कळतं. आणि बोलता बोलता ‘आम्ही’ तयार होतं, जे वाढदिवसाच्या धाग्याने झालं होतं. वजन कमी करायचं की नाही हा निर्णय मात्र यातून वेगळा ठेवा. तुमची साखर, रक्तदाब, गुडघे काय म्हणतात ते डॉक्टरला विचारून ठरवा. काहीच न बदलता वजन वाढलं असेल तर थायरॉइड तपासून घ्या. फोटो बघून सुरू केलेलं डाएट फोटोची सल ओसरली की सुटतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

काही गोष्टी या उत्तराच्या बाहेरच्या आहेत, त्या स्पष्ट सांगते. आरसा, फोटो आणि तुलना यांत रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, दिसण्यामुळे लग्नकार्याला किंवा कामाला जाणं टळत असेल, लोकांना न दिसणारं व्यंग तुम्हाला ठळक दिसत असेल, जेवण टाळणं, नाहीतर भरपूर खाऊन उलटी काढणं सुरू झालं असेल, तर वहीने भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी फोन करा.

तो फोटो पुसू नका, पण दिवसातून पाच वेळा मोठा करून बघणंही बंद करा. एकदा बघायचाच तर सहाही जणींकडे बघा, कोण हसतंय, कुणाचे डोळे मिटलेत, मागे कुठलं स्टेशन दिसतंय. आणि वही जास्तीत जास्त दोन आठवडे. त्यापुढे लिहीत राहिलात तर वहीच नवा आरसा होते. माझ्याकडे एक बाई चार महिन्यांच्या नोंदी घेऊन आल्या होत्या, तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेल्या. पहिल्या भेटीत आम्ही तेवढं एकच काम केलं, ती वही माझ्या कपाटात ठेवून दिली.